पनीर एकदा रबर, एकदा भुगा: आम्ल, साय आणि तापमान

प्रश्न: बेळगावात टिळकवाडीत राहते. रतीबाचं म्हशीचं दूध येतं. तुपासाठी साय काढून घेते आणि उरलेल्या दुधाचं पनीर करते. दूध उकळलं की लिंबू पिळते. पनीर चावलं तर रबर. मागच्या आठवड्यात पाहुणे येणार म्हणून पाकिटाचं दूध आणलं, व्हिनेगर घातलं आणि वास राहू नये म्हणून चोथा नळाखाली चांगला धुतला, तर सुरी लावताच भुगा. आम्ल कोणतं घ्यावं, दूध कोणतं, आणि नेमकं किती गरम असताना फाडायचं?

उत्तर:

आम्ल कोणतं, हे तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत. माझ्या लेखी ते सगळ्यात शेवटी येतं. तुमच्या रबरामागे साय आणि उकळी आहे. भुग्यामागे पाकिटाचं दूध थोडं आणि नळ जास्त आहे. लिंबू वापरलं असतंत तरी त्या दिवशी भुगाच झाला असता.

सायीपासून सुरू करू, कारण आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे. म्हशीचं दूध तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी त्यावर जाड साय धरते. ती उचलली की दुधातला बराचसा स्निग्धांश तुपाच्या भांड्यात जातो. खाली उरतं ते दिसायला दाट आणि पांढरंशुभ्र असतं, त्यामुळे फसगत होते. तो दाटपणा प्रथिनांचा असतो. दूध फाटतं तेव्हा केसीन नावाचं प्रथिन एकमेकांना चिकटून जाळं तयार करतं आणि स्निग्धांशाचे थेंब त्या जाळ्यात अडकून बसतात. थेंब असले की जाळ्याचे धागे एकमेकांपासून थोडे लांब राहतात आणि पनीर दातांखाली मऊ लागतं. ते काढून घेतले की धागे थेट एकमेकांना भिडतात, आणि दाबल्यावर तयार होते ती घट्ट, चिवट वडी. सायीचं तूप आणि मऊ पनीर, दोन्ही एकाच दुधातून मिळत नाहीत. पनीर करायच्या दिवशी साय काढू नका. आधीच धरली असेल तर दूध गरम करताना रवीने पुन्हा त्यात मिसळा. पूर्वीइतकी एकजीव होणार नाही, पण काढून टाकण्यापेक्षा पुष्कळ बरं.

उलट टोकही आहे. आपल्या भागात खानापूर, चिकोडीकडच्या चांगल्या म्हशीच्या दुधाला साडेसात, कधी आठ फॅट लागते. असं दूध जसंच्या तसं फाडलं तर स्निग्धांश जास्त होऊन जाळं सैल पडतं, निवळीवर पिवळसर तुपकट थर तरंगतो आणि पनीर लोण्यासारखं मऊ होतं. पराठ्यात ते चालेल, तुकडे करून तळायला नाही. घरच्या पनीरला सहाच्या आसपास फॅट असलेलं दूध सगळ्यात सोयीचं. फॅट किती हे ओळखायला घरी यंत्र लागत नाही. तुमचा गवळी संकलन केंद्रावरही दूध घालत असेल तर त्याच्याकडे पावती असते, तिच्यावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, दोन्ही छापलेले असतात. एकदा विचारून घ्या. ऋतूप्रमाणे आणि म्हैस व्यायल्यापासून किती दिवस झाले त्याप्रमाणे आकडा हलतो, पण अंदाज येतो.

समजा, त्याने साडेसात सांगितली. एक लिटर हे दूध आणि अर्धा लिटर पाकिटातलं टोन्ड दूध एकत्र करा. टोन्ड दुधात फॅट तीन टक्के असते. लिटरभर दुधातून साडेसात भाग आणि अर्ध्या लिटरमधून दीड भाग, असे मिळून नऊ भाग दीड लिटरमध्ये, म्हणजे बरोबर सहा टक्के. पुढचा सगळा हिशोब मी याच दीड लिटरवर करतो.

नुसत्या पाकिटाच्या दुधाचं करायचं असेल तर फुल क्रीम घ्या, त्यात सहा टक्के फॅट असते. पण पाकिटावर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलंय का ते आधी बघा. अशा दुधातले स्निग्धांशाचे थेंब मोठ्या दाबाखाली फोडून अगदी बारीक केलेले असतात, म्हणून त्याला साय धरत नाही. ते बारीक थेंब केसीनच्याच आवरणाने झाकले जातात, आणि जाळं सलग न विणता मधेमधे तुटक राहतं. पनीर मऊ होतं, पण तुकडे पाडताना कडा झडतात. मिश्रणात तिसरा हिस्सा असं दूध चालतं, सगळंच तसलं असेल तर ठाशीव वडीची अपेक्षा ठेवू नका. महिनोन् महिने फ्रीजबाहेर टिकणारं खोक्यातलं दूध पनीरसाठी आणूच नका. ते इतकं तापवलेलं असतं की नीट घट्ट फाटतच नाही, रवाळ लगदा हाती येतो.

आता तापमान. उकळीच्या दोन गोष्टी एकत्र झाल्यामुळे तुमचं बिघडतंय. दूध ९० अंशांच्या वर नेणं गरजेचं आहे, पण फाडायचं तिथे नाही.

वर न्यायचं कारण असं. दुधात केसीनखेरीज निवळीतली प्रथिनं असतात. एरवी दूध फाटलं की ती पाण्याबरोबर वाहून जातात. नव्वदच्या वर दोनचार मिनिटं तापली की त्यांची घडी उलगडते आणि ती केसीनला जाऊन चिकटतात. मग फाटताना ती पनीरमध्येच राहतात, पनीर जास्त मिळतं, आणि पाणी धरून ठेवायची त्याची ताकदही वाढते. तळताना पनीर वितळत नाही, आकार धरून राहतं, त्यालाही हीच जोडणी कारण आहे.

खाली आणायचं कारण वेगळं. आम्ल पडतं त्या क्षणी दूध जितकं गरम, तितकं ते जाळं जोरात आवळतं आणि आतलं पाणी बाहेर फेकतं. उकळत्या दुधात आम्ल पडलं की बारीक, कोरडे, घट्ट गोळे होतात. तुम्ही वरून गॅस चालूच ठेवत असाल तर ते शिजत राहतात. सायही काढलेली, म्हणजे आधीच स्निग्धांश कमी, त्यात पाणीही गेलं. मग रबर होणारच. म्हशीच्या दुधाला मी ७० ते ७५ अंश धरतो. गाईचं दूध असेल तर ८०, कारण त्यात केसीन आणि कॅल्शियम दोन्ही कमी असतात आणि त्याचा चोथा मुळातच नाजूक असतो. कमी तापमानाला तो लिबलिबीत राहतो. सत्तरच्या बरंच खाली गेलात तर म्हशीच्या दुधाचंही तेच होतं. निवळी सुटत नाही आणि पनीर ओलंगिच्च, चिकट होतं.

काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर घेतलात तर तो आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. ९७ दाखवणारा थर्मामीटर बिघडलेला म्हणून परत करायला जाऊ नका. थर्मामीटर नसेल तर उकळी आल्यावर मंद आंचेवर दोनतीन मिनिटं ठेवून गॅस बंद करा आणि झाकण न ठेवता साधारण दहा मिनिटं थांबा. जाड बुडाच्या पातेल्याला जरा जास्त लागतात. या वेळात अधूनमधून हलक्या हाताने ढवळा, नाहीतर पुन्हा साय धरेल आणि पनीरमध्ये तिचे पापुद्रे लागतील.

आता आम्ल. दीड लिटरला सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, साधारण तीन ग्रॅम लागतं. मी चार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, चारशे मिलिलिटर पाण्यात विरघळवून घ्यायला सांगेन. बहुतेक वेळा त्यातलं तीनशे मिलिलिटर पुरतं आणि उरलेलं टाकून द्यायचं. असं पातळ करण्यात खरी खुबी आहे. घट्ट रस किंवा नुसतं व्हिनेगर ओतलं की जिथे पडतं तिथलं दूध आंबट होऊन लगेच कडक फाटतं, आणि पातेल्याच्या दुसऱ्या कडेला अजून दूधच असतं. मग माणूस आणखी ओततो. पातळ आम्ल सगळीकडे सारखं पसरतं. आणि ते गरम हवं, दुधाइतकंच. तीनशे मिलिलिटर गार पाणी ओतलं तर पातेल्यातलं तापमान सात-आठ अंशांनी खाली येतं, मग पंचाहत्तर मोजून काय उपयोग!

लिंबू वापरायचं तर रसदार तीन लिंबांचा रस गाळून तेवढ्याच गरम पाण्यात घाला. लिंबाचा दोष एवढाच की आंबटपणा लिंबागणिक बदलतो. व्हिनेगर चार टक्क्यांचं असेल तर चार मोठे चमचे पुरतात, अर्थात पाण्यात मिसळूनच. वास राहतो, पण इतक्या प्रमाणात तो निवळीबरोबर बराचसा जातो. उरतो तो जास्त ओतल्यामुळे. दही घातलं तर पनीर मऊ होतं, पण रवाळपणा येतो. कुंद्यात आपल्याला दाणा हवा असतो, पनीरमध्ये तोच दोष ठरतो.

माझी स्वतःची पसंती आंबवलेल्या निवळीला आहे. आजच्या पनीरची निवळी कोमट असताना तिच्यात चमचाभर दही कालवून झाकून ठेवा. चांगली आंबट झाली की पुढच्या वेळी तीच गाळून, गरम करून वापरा. दीड लिटरला साधारण तीनशे मिलिलिटर लागते, पण आंबटपणा कमीजास्त असतो म्हणून हात राखून घाला. लॅक्टिक आम्लाने आलेली चव दुधाचीच वाटते, बाहेरून आंबट घातल्यासारखी नाही. एप्रिल-मेमध्ये ती एका दिवसात तयार होते. जुलैच्या झडीत मात्र दोन दिवस लागतात, तेव्हा डबा ओट्यावर उबेच्या जागी ठेवा.

फाडताना गॅस बंदच असू द्या. आम्ल धार धरून ओता, उलथन्याने तळापासून सावकाश फिरवा, घुसळू नका. जोरात ढवळलं की तयार होणारं जाळं तुटून बारीक कण होतात, आणि ते नंतर नीट जुळत नाहीत. अडीचशे मिलिलिटरच्या पुढे गेलात की नजर निवळीवर ठेवा. पांढरी, दुधाळ निवळी म्हणजे अजून हवं. हिरवट-पिवळी आणि पारदर्शक झाली की त्याच क्षणी थांबा, हातात आम्ल उरलं असलं तरी. इथे बहुतेकांचा हात आवरत नाही. ‘राहिलंच आहे तर घालून टाकू’ म्हणून घातलेले ते चारदोन चमचे पनीर ठिसूळ करतात. केसीनला एकत्र बांधण्यात कॅल्शियमचा वाटा असतो. आम्ल वाढत गेलं की ते कॅल्शियम विरघळून निवळीत जातं आणि बांधणी ढिली होते. पनीर आंबटही लागतं आणि सुरीखाली चुरतंही. चाखूनच ओळखायचं झालं तर निवळी जेमतेम आंबूस लागायला हवी, लिंबूपाण्यासारखी नाही.

निवळी सुटली की पातेलं झाकून पाच मिनिटं तसंच राहू द्या. चोथा खाली बसतो आणि कण एकमेकांना धरतात.

इथून पुढचं तुमच्या भुग्यासाठी. गरम पाकातले लाडू थंड झाले की वळले जात नाहीत, तसंच चोथ्याचं आहे. त्याचे कण साठ अंशांच्या वर असेपर्यंतच दाबाखाली एकजीव होतात. गाळताना निवळीचं तापमान ६३ अंशांच्या खाली जाऊ न देणं हा पनीर करणाऱ्यांचा जुना नियम आहे, आणि घरच्या पाककृतींत नेमका तोच गाळलेला असतो. उलट ‘फाटल्याबरोबर गार पाण्याखाली धुवा’ असं सर्रास सांगतात. नळाखाली धरलं की प्रत्येक कण आपापल्या जागी थंड होऊन कडक होतो. मग त्यावर जातं ठेवा नाहीतर वरवंटा, ते कण शेजारी बसतात पण चिकटत नाहीत. वरून एकसंध दिसणारी वडी सुरी लावली की विस्कटते. तुमच्या बाबतीत पाकिटाच्या दुधाने जाळं आधीच थोडं कच्चं केलं होतं, नळाने उरलंसुरलं काम केलं. आंबटपणा काढायचाच असेल तर वाटीभर कडकडीत गरम पाणी वरून घाला. आम्ल मोजून घातलंत तर त्याचीही गरज पडू नये.

म्हणून फडकं, चाळणी आणि वजन आम्ल ओतायच्या आधीच तयार ठेवा. गाळलं, फडक्याचे चारी पदर घट्ट गोळा केले, चौकोनी डब्यात किंवा चाळणीत बसवलं आणि लगेच वर ताटली ठेवून वजन. दीड लिटरच्या, हातभर नाही पण तळहाताएवढ्या वडीला तीन किलो पुरे, वेळ पंधरा ते वीस मिनिटं. पाण्याने भरलेला स्टीलचा डबा बरा, वजन मोजता येतं. रात्रभर दाबून ठेवणं हेही रबराचंच एक कारण आहे. आतलं पाणी निघत राहतं आणि सकाळी हातात वीट येते. वीस मिनिटांनी वडी फडक्यातून काढून फ्रीजमधल्या गार पाण्यात दोन-तीन तास बुडवा. गार पाण्याचं काम इथे आहे, दाबल्यानंतर. स्निग्धांश थिजतो, वडी आवळते आणि तुकडे धारदार पडतात. गरम असतानाच कापून बघितलं तर चांगलं पनीरही चुरतं, तेव्हा तेवढ्यावरून निकाल लावू नका.

वजन केलंत तर ही वडी २८० ते ३२० ग्रॅमच्या दरम्यान भरायला हवी. अडीचशेच्या खाली आली तर बहुधा फार गरम फाडलं किंवा फार दाबलं. निवळी दुधाळ होती का तेही आठवा, कारण मग पनीर पाण्यात गेलेलं असतं. साडेतीनशेच्या वर गेली तर आनंद मानू नका, आत पाणी राहिलंय आणि तव्यावर ते सुटेल.

राहिली दुधाच्या ताजेपणाची गोष्ट. उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध खेड्यातून येईपर्यंत थोडं चढलेलं असतं. चवीला कळत नाही, पण त्यात आम्ल आधीच तयार झालेलं असल्याने ते अर्ध्या मापातच फाटतं. म्हणून माप हे अंदाजापुरतं, निर्णय निवळीचा. याच्या उलट, माप दीडपट झालं तरी दूध फाटत नसेल तर ते टिकावं म्हणून कुणीतरी त्यात सोडा घातला असल्याचा संशय घ्या आणि गवळ्याशी बोला. आणि तापवताना आपसूक नासलेल्या दुधाचं पनीर करू नका. ते उकळीच्याच तापमानाला फाटलेलं असतं म्हणून कडक आणि आंबट होतंच. शिवाय दुधात वाढलेल्या काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.

आता घरात जे रबर पडलंय त्याचं काय? झालेलं रबर परत मऊ होत नाही. मीठ घातलेल्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवून कोरडेपणा थोडा कमी होईल, त्यापेक्षा किसून बुर्जी करा. भुग्याचं पनीर तळहाताने मळून पराठ्यात किंवा कोफ्त्यात छान जातं. आणि चांगलं जमलेलं पनीरही रश्श्यात पंधरा मिनिटं खदखदवलं की चिवट होतं, पाणी निघून जातं म्हणून. रस्सा पूर्ण शिजवा, तुकडे शेवटी घाला, दोन मिनिटांत गॅस बंद. तळून घालायचे असतील तर कढईतून काढल्याबरोबर कोमट मिठाच्या पाण्यात टाका आणि वाढायच्या आधी रश्श्यात सोडा. उरलेली वडी पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन दिवसांत संपवा.